अंतरावरून आवर्तकाल कसा काढायचा? केप्लरचा तिसरा नियम आणि मंगळयानाची कक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रह किंवा उपग्रह किती अंतरावरून फिरतो हे कळलं की त्याला एका फेरीला किती वेळ लागतो हे कागद-पेन्सिलीने काढता येतं. नियम एका ओळीचा आहे, पण अंतर कुठून मोजायचं आणि कुणाभोवतीचं मोजायचं, या दोन ठिकाणी गणित हमखास बिघडतं. म्हणून इथे मुख्य उदाहरण एकच घेतलं आहे: इस्रोचं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती ज्या कक्षेत शिरलं, ती कक्षा. तिचे आकडे जाहीर असल्यामुळे आपलं उत्तर ताडून पाहता येतं.

तिसरा नियम नेमकं काय सांगतो?

एकाच पिंडाभोवती फिरणाऱ्या सगळ्यांसाठी आवर्तकालाचा वर्ग हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. T म्हणजे आवर्तकाल आणि a म्हणजे कक्षेच्या लांबट अक्षाची निम्मी लांबी (अर्धदीर्घ अक्ष) धरली, तर T² भागिले a³ ही किंमत त्या सगळ्यांसाठी सारखीच येते. केप्लरला हा संबंध मे १६१८ मध्ये सापडला आणि १६१९ साली त्याने तो प्रसिद्ध केला. त्यामागे टायको ब्राहेने वर्षानुवर्षं घेतलेल्या ग्रहांच्या नोंदी होत्या. असं का होतं, याचं उत्तर मात्र न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाने दिलं, आणि त्यामुळेच हा नियम सूर्याच्या ग्रहांपुरता न राहता कुठल्याही पिंडाच्या उपग्रहांना लावता येतो.

वरच्या विधानातले ‘एकाच पिंडाभोवती’ हे शब्द कृपया नजरेआड करू नका. पुढचे बरेच घोटाळे तिथूनच सुरू होतात.

ग्रहांसाठी सगळ्यात सोपी रीत कोणती?

अंतर खगोलीय एककात आणि काळ वर्षात घ्यायचा. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर १ खगोलीय एकक आणि तिचा आवर्तकाल १ वर्ष, म्हणून स्थिरांकही १ होतो आणि T² = a³ एवढंच उरतं.

मंगळाचं अंतर १.५२४ खगोलीय एकक आहे. त्याचा घन ३.५४ येतो आणि ३.५४ चं वर्गमूळ १.८८. म्हणजे मंगळाचं वर्ष आपल्या १.८८ वर्षांचं, साधारण ६८७ दिवसांचं. इथे अंतर किलोमीटरमध्ये घातलं तर उत्तराला काही अर्थच उरत नाही, कारण स्थिरांक १ धरण्याची सोय फक्त याच एककांच्या जोडीसाठी आहे.

मग हेच सूत्र उपग्रहांना का लावायचं नाही?

कारण उपग्रहाच्या कक्षेच्या मध्यभागी सूर्य नाही. T² आणि a³ यांचं गुणोत्तर किती येईल हे मध्यभागी असलेल्या पिंडाच्या वस्तुमानावर ठरतं. मंगळाभोवती फिरणाऱ्यांचं गुणोत्तर एक, पृथ्वीभोवती फिरणाऱ्यांचं दुसरं.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे त्याच पिंडाभोवती फिरणारा दुसरा एखादा उपग्रह तुलनेला घ्यायचा, ज्याचं अंतर आणि आवर्तकाल दोन्ही माहीत आहेत. दुसरा म्हणजे मधल्या पिंडाचं वस्तुमान वापरून थेट सूत्र मांडायचं. शिकताना पहिला उपाय आधी करावा असं माझं ठाम मत आहे. त्यात मोठे घातांक येत नाहीत, एककं आपोआप कटतात आणि नियम काय म्हणतो ते डोळ्यांसमोर राहतं.

मंगळयानाचा आवर्तकाल प्रत्यक्ष काढून दाखवाल का?

कक्षेत शिरल्यावर इस्रोने दिलेले आकडे असे होते: मंगळाला सगळ्यात जवळचा बिंदू ४२१.७ किमी आणि सगळ्यात दूरचा ७६,९९३.६ किमी. कक्षा चांगलीच लांबट आहे, आणि दोन्ही आकडे मंगळाच्या पृष्ठभागापासूनच्या उंचीचे आहेत. नियमाला लागतं ते केंद्रापासूनचं अंतर. मंगळाची विषुववृत्तीय त्रिज्या ३,३९६ किमी आहे, ती दोन्हीत मिळवू. जवळचं अंतर झालं ३,८१७.७ किमी आणि दूरचं ८०,३८९.६ किमी. दोन्हींची बेरीज ८४,२०७.३ किमी. ही कक्षेची पूर्ण लांबी. तिच्या निम्मे म्हणजे a = ४२,१०४ किमी.

आता तुलनेसाठी मंगळाचा स्वतःचा चंद्र फोबोस घेऊ. तो मंगळाच्या केंद्रापासून ९,३७६ किमीवर आहे आणि ७ तास ३९ मिनिटांत, म्हणजे ७.६५ तासांत, एक फेरी मारतो.

अंतरांचं गुणोत्तर काढू: ४२,१०४ ÷ ९,३७६ = ४.४९. म्हणजे मंगळयानाचा a फोबोसच्या जवळजवळ साडेचारपट आहे. या गुणोत्तराचा घन साधारण ९०.५ येतो. त्याचं वर्गमूळ ९.५२. म्हणून मंगळयानाचा आवर्तकाल फोबोसच्या साडेनऊपट, ९.५२ × ७.६५ = ७२.८ तास.

इस्रोने जाहीर केलेला आवर्तकाल होता ७२ तास ५१ मिनिटं ५१ सेकंद, म्हणजे ७२.८६ तास. तीन दिवसांच्या फेरीत आपण जेमतेम चार मिनिटांनी चुकलो, तेही आकडे मोकळेपणाने ढोबळ करून. फोबोस हा ओबडधोबड दगड जवळून जवळपास वर्तुळात फिरतो आणि मंगळयान कमालीच्या लांबट कक्षेत, तरी दोघांना तोच नियम लागू पडतो. हे गणित पहिल्यांदा जुळताना पाहण्यात मोठा आनंद आहे.

कॅल्क्युलेटरवर घन आणि वर्गमूळ असे दोन टप्पे करण्याऐवजी गुणोत्तराचा १.५ वा घात घेतला तरी चालतं. उलटं झालं, म्हणजे वर्ग करून घनमूळ काढलं, तर उत्तर २.७२ पट येईल. हे लगेच ओळखता येतं. लांबच्या उपग्रहाला फेरीही मोठी असते आणि त्याचा सरासरी वेगही कमी असतो. त्यामुळे अंतर ४.४९ पट झालं तर काळ ४.४९ पटींहून जास्तच वाढला पाहिजे.

तुलनेला चंद्र नसेल तर?

तेव्हा पूर्ण सूत्र वापरायचं:

```
T = 2π √(a³ / GM)
```

यात G हा गुरुत्व स्थिरांक आणि M हे मधल्या पिंडाचं वस्तुमान. ते वेगवेगळे न घेता दोघांचा गुणाकार एकत्रच घ्यावा. यानांच्या मार्गांचा मागोवा घेऊन GM फार अचूक कळतो, तर G एकटा मोजणं कठीण असल्याने तो तेवढा अचूक माहीत नाही. किलोमीटर आणि सेकंदात मंगळासाठी GM ४२,८२८ आहे आणि पृथ्वीसाठी ३,९८,६००. अंतर मीटरमध्ये घेतलं तर हेच आकडे अब्जपट होतात. परीक्षेत बहुतेकांचं उत्तर इथेच चुकतं: अंतर किलोमीटरमध्ये आणि G मात्र मीटरच्या एककात.

मंगळयानाचा a या सूत्रात घातला की T सुमारे २,६२,३०० सेकंद येतो. म्हणजे ७२ तास ५१ मिनिटं आणि वर साधारण ४० सेकंद. जाहीर आकड्यापासून फरक पाव मिनिटाच्या आत.

त्रिज्या मिळवायला विसरलो तर फार बिघडतं का?

हो, आणि लांबट कक्षेत ते जास्त धोक्याचं, कारण चूक दिसत नाही. मंगळयानाच्या नुसत्या उंचींची सरासरी काढली तर a ३८,७०८ किमी येतो आणि आवर्तकाल ६४ तास. खरं उत्तर ७३ तासांच्या जवळ आहे, पण ६४ तास ऐकून कुणाला शंका येणार नाही. त्रिज्या दोनदा मिळवण्याऐवजी एकदाच मिळवून बेरजेचे निम्मे केले तर साडेअडुसष्ट तास येतात. तेही तितकंच खरं वाटतं.

पृथ्वीजवळच्या उपग्रहात मात्र हीच चूक लगेच उघडी पडते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किमी उंचीवर आहे. सूत्रात नुसते ४०० घातले तर आवर्तकाल ८० सेकंद येतो. ६,३७१ किमी त्रिज्या मिळवून ६,७७१ घातले की साडेब्याण्णव मिनिटांच्या आसपास येतो, आणि प्रत्यक्षातही तेवढाच आहे.

यासाठी एक चाळणी हाताशी ठेवावी. पृथ्वीच्या अगदी पृष्ठभागाला घासून (हवा आणि डोंगर नाहीत असं समजून) फिरणाऱ्या वस्तूलाही फेरीला ८४ मिनिटं लागतील. त्याहून कमी उत्तर पृथ्वीभोवतीच्या कुठल्याही उपग्रहासाठी येऊच शकत नाही. मंगळासाठी हीच मर्यादा १०० मिनिटांची आहे. मंगळाची त्रिज्या लहान असूनही मर्यादा मोठी निघते, कारण मंगळ पृथ्वीपेक्षा कमी घनतेचा आहे. पृष्ठभागालगतचा आवर्तकाल फक्त घनतेवर अवलंबून असतो.

पुस्तकात ‘सरासरी अंतर’ लिहिलं आहे. मग रोज अंतर मोजून त्याची सरासरी घ्यायची का?

नाही. नियमातलं सरासरी अंतर म्हणजे सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात दूरचं या दोनच अंतरांची सरासरी. तीच कक्षेच्या लांबीच्या निम्मी असते.

ठरावीक वेळाने मोजून काढलेली सरासरी वेगळी येते, कारण यान कक्षेच्या सगळ्या भागांत सारखा वेळ घालवत नाही. मंगळयान मंगळाजवळून जाताना सेकंदाला ४.६ किमी वेगाने पळे आणि दूरच्या टोकाला सेकंदाला जेमतेम ०.२२ किमीवर येई. तीन दिवसांच्या फेरीतला बराचसा वेळ ते दूरच असे. दर तासाला अंतर मोजलं असतं तर त्यांची सरासरी ५९,५०० किमीच्या आसपास आली असती. ती नियमात घातली असती तर आवर्तकाल ७३ ऐवजी १२२ तास निघाला असता.

ग्रहांच्या कक्षा वर्तुळाच्या इतक्या जवळ आहेत की तिथे हा फरक जाणवत नाही. त्यामुळे पुस्तकातली उदाहरणं सोडवताना याकडे लक्ष जात नाही, आणि पहिला लांबट कक्षेचा प्रश्न आला की गाडी अडते.

तुलनेला पृथ्वीचा चंद्र वापरला तर काय होईल?

करून बघू, कारण उत्तर बघण्यासारखं आहे. आपला चंद्र ३,८४,४०० किमीवर आहे आणि त्याचा आवर्तकाल २७.३२ दिवस. त्याच्याशी तुलना केली तर ४२,१०४ किमीसाठी २४ तासांच्या थोडं आत उत्तर येतं.

हे उत्तर मंगळयानासाठी साफ चूक आहे, पण ते निरर्थक नाही. पृथ्वीभोवती ४२,१०४ किमीवरून एखादा उपग्रह फिरवला तर त्याला खरोखरच तेवढा वेळ लागेल. आपले दळणवळणाचे भूस्थिर उपग्रह ४२,१६४ किमीवर आहेत, म्हणजे जवळपास याच अंतरावर. योगायोगाने मंगळयानाचा a आणि भूस्थिर कक्षेची त्रिज्या यांत फक्त ६० किमीचा फरक आहे. अंतर जवळजवळ तेच, तरी पृथ्वीभोवती एक दिवस आणि मंगळाभोवती तीन दिवस. पृथ्वीचा GM मंगळाच्या ९.३ पट आहे आणि ९.३ चं वर्गमूळ ३.०५. तिपटीचा हिशोब तिथून येतो.

म्हणून नुसतं अंतर देऊन ‘आवर्तकाल काढा’ असा प्रश्न कुणी विचारला, तर आधी ‘कुणाभोवती?’ हे विचारावंच लागतं.

यानाचं वस्तुमान गणितात कुठेच आलं नाही. ते चालतं का?

मंगळयानासाठी खुशाल चालतं. उड्डाणाच्या वेळी ते सुमारे १,३३७ किलोचं होतं आणि त्यातलं ८५२ किलो इंधनच होतं. ते जळून गेल्यावर यान कितीतरी हलकं झालं, पण एका ठरावीक कक्षेचा आवर्तकाल त्यामुळे बदलत नाही. काटेकोर सूत्रात M च्या जागी दोन्ही पिंडांच्या वस्तुमानांची बेरीज असते. मंगळाच्या वस्तुमानात हजारभर किलो मिळवले काय आणि न मिळवले काय, कुठल्याच दशांश स्थळाला फरक पडत नाही.

फिरणारा पिंड जड असेल तर मात्र फरक दिसतो. गुरूचं अंतर ५.२०३ खगोलीय एकक. T² = a³ लावलं तर ११.८६८ वर्षं येतात, पण गुरूचा खरा आवर्तकाल ११.८६२ वर्षं आहे. गुरूचं वस्तुमान सूर्याच्या १,०४७ व्या भागाएवढं आहे. ते बेरजेत धरलं की ही तफावत भरून निघते. चंद्र तर पृथ्वीच्या ८१ व्या भागाएवढा जड आहे, शिवाय सूर्याची ओढ त्याला सतत हलवत असते. त्यामुळे कृत्रिम उपग्रहांसाठी चंद्र तुलनेला घेतला तर उत्तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास चुकू शकतं. पहिल्या अंदाजाला ते पुरेसं आहे, पण भूस्थिर उपग्रहाची उंची काढायची तर नाही.

भूस्थिर उपग्रहाची उंची म्हणजे उलटं गणित ना?

हो. आवर्तकाल माहीत आहे, अंतर हवंय. तेव्हा काळाचा वर्ग करून घनमूळ काढायचं. काळ २४ तास नव्हे, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद घ्यायचा, कारण ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी स्वतःभोवती तेवढ्यात एक फेरी पुरी करते. त्यातून केंद्रापासून ४२,१६४ किमी येतात. ६,३७८ किमी विषुववृत्तीय त्रिज्या वजा केली की ३५,७८६ किमी उंची मिळते.

कक्षा थोडीशी बदलली तर सगळं गणित पुन्हा मांडायचं का?

थोड्या बदलासाठी गरज नाही. अंतर जितके टक्के बदललं, त्याच्या दीडपट टक्के काळ बदलतो. मंगळयानाची मुळात ठरवलेली कक्षा ३६५.३ किमी ते ८०,००० किमी अशी होती. तिचा a साधारण ४३,५७९ किमी, म्हणजे प्रत्यक्षातल्यापेक्षा ३.५ टक्क्यांनी जास्त. दीडपट केले तर सव्वापाच टक्के. ७२.८६ तासांत ते मिळवले की ७६.७ तास येतात, आणि नियोजित आवर्तकालही ७६.७२ तासच होता.

हीच युक्ती मोजमापातली चूक तोलायलाही कामाला येते. मंगळाची त्रिज्या ३,३९६ ऐवजी सरासरी त्रिज्या ३,३९० घेतली तर a सहा किमीने घटतो, आणि तीन दिवसांच्या आवर्तकालात फरक पडतो सुमारे एका मिनिटाचा.

आणखी काटेकोर उत्तर हवं असेल तर नियम कुठे कमी पडतो?

सूत्र असं धरून चालतं की मधला पिंड अगदी गोल आहे आणि आसपास तिसरं कुणी ओढत नाही. मंगळ ध्रुवांशी चपटा आहे. फोबोस त्याच्या इतका जवळ आहे की विषुववृत्तावरच्या फुगवट्याची जादा ओढ त्याला जाणवते. म्हणून फोबोसचा खरा आवर्तकाल सूत्राने येणाऱ्या उत्तरापेक्षा दहा सेकंदांनी कमी आहे. मंगळयान बहुतेक वेळ खूप दूर असल्यामुळे त्याला हा फुगवटा कमी जाणवतो.

पृथ्वीजवळच्या उपग्रहांना विरळ हवेचं घर्षणही होतं. त्याने नियम मोडत नाही. उपग्रह हळूहळू खाली येतो, a कमी होतो आणि आवर्तकालही कमी होत जातो. अंतराळ स्थानकाला अधूनमधून वर ढकलावं लागतं ते याचसाठी.

पृथ्वीवरून मंगळापर्यंतच्या प्रवासाचा काळ याच नियमाने काढता येतो का?

अंदाज येतो. वाटेत यान सूर्याभोवती फिरत असतं, म्हणून इथे मधला पिंड सूर्य आणि एककं पुन्हा खगोलीय एकक आणि वर्ष. पृथ्वीच्या कक्षेला एका टोकाला आणि मंगळाच्या कक्षेला दुसऱ्या टोकाला स्पर्श करणारी लांबट कक्षा कल्पा. तिचा a म्हणजे १ आणि १.५२४ यांची सरासरी, १.२६२. त्याचा १.५ वा घात १.४१८ वर्षं. ही पूर्ण फेरी झाली. यानाला अर्धीच फेरी लागते, म्हणजे सुमारे २५९ दिवस.

मंगळयानाने १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वीची कक्षा सोडली आणि ते २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं, म्हणजे त्याला जवळपास ३०० दिवस लागले. मंगळाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी थोडी कललेली आहे आणि तिच्यापेक्षा लांबटही आहे. त्या वर्षीचा इंधन वाचवणारा मार्ग सूर्याभोवती अर्ध्या फेरीपेक्षा जास्त वळसा घेणारा होता, आणि हे जादा दिवस त्या वळशाचे आहेत.